एकाचे उष्टे, दुसऱ्याचे अन्न : योगर्टच्या बिघडलेल्या विरजणाचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका लहान दुग्धप्रकल्पात मी काही वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम पाहत होतो. दररोज सुमारे आठशे लिटर दुधाचे कपातील योगर्ट बनवणे हा तेथील मुख्य व्यवसाय होता. सुरुवातीला विरजण बाहेरून आणलेले होते, पण नंतर ते विकत घेणे परवडेना. त्यामुळे आदल्या दिवशीच्या मालातून थोडे काढून आजच्या दुधाला लावायचे, अशी घरगुती पद्धत तेथे रूढ झाली होती. दही लागायला चार तास पुरत असत. एका हिवाळ्यात मात्र हा वेळ नकळत वाढत गेला. नोव्हेंबरात साडेचार तास लागत होते, डिसेंबरात साडेपाच, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत सात तास होऊनही कपांतील दही चमच्याला सैलच लागे. चवीतही फरक पडला होता. आंबटपणा होता, पण योगर्टचा म्हणून जो हिरव्या सफरचंदासारखा किंचित तिखट वास येतो तो नाहीसा झाला होता. प्रकल्पाचे मालक म्हणाले, "साहेब, विरजण म्हातारं झालं." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, पण म्हातारे नेमके कोण झाले होते हे शोधायला आम्हाला महिना लागला.

योगर्टच्या विरजणात दोन जीवाणू असतात. एक साखळीने वाढणारा गोलाणू, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, आणि दुसरा लांबट दंडाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दंडाणूच्या नावातला बल्गेरिया खरा आहे. स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हातील प्रयोगशाळेत आपल्या देशातील दह्याचे नमुने तपासताना तो वेगळा ओळखला. आपल्या घरच्या दह्यात लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉक अशा अन्य जातीही सापडतात, आणि त्यांचा मेळ घराघरांत बदलतो. योगर्टची गोष्ट वेगळी आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार गोलाणू आणि दंडाणू या दोघांच्या एकत्रित वाढीतून बनलेल्या पदार्थालाच योगर्ट हे नाव देता येते. या प्रकरणात त्या 'एकत्रित' शब्दाला फार महत्त्व आले.

पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली. विरजणाचा एक थेंब काचपट्टीवर पसरवून वाळवला, मिथिलीन ब्लूने रंगवला आणि तेलाच्या भिंगाखाली पाहिला. निरोगी विरजणात निळ्या मण्यांच्या माळा आणि त्यांमध्ये पडलेल्या काड्या साधारण बरोबरीने दिसतात. आमच्या पट्टीवर सगळीकडे माळाच होत्या. एकेका दृष्टिक्षेत्रात पन्नास-साठ गोलाणूंमागे एखादी काडी दिसे, आणि काही क्षेत्रांत तीही नसे. म्हणजे दंडाणू जवळजवळ हद्दपार झाले होते.

ते का हद्दपार झाले हे समजायला प्रत्यक्ष कामाची पद्धत पाहावी लागली. उबवण खोलीतील तापमापक छताजवळ, हीटरच्या शेजारी टांगलेला होता आणि तो ४२ अंश दाखवत असे. मी एका कपात तापमापकाची सुई बसवून तो कप मधल्या क्रेटच्या मध्यभागी ठेवला, तेव्हा तिथे ३७.५ अंश भरले. दूध ४२ अंशावर आणून कपांत भरेपर्यंत चाळीस मिनिटे जात, हिवाळ्यात तेवढ्या वेळात कप निवत, आणि एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या कपांना हवेची ऊब पोहोचायला फार वेळ लागे. गोलाणूला ४० अंशांच्या आसपासही सुखाने वाढता येते, दंडाणूला ४३ ते ४५ अंश मानवतात. साडेसदतीस अंशांवर ही शर्यत पहिल्या तासालाच एकतर्फी होते. दुसरी गोष्ट अशी की उद्यासाठीचे विरजण कामगार सर्वांत आधी घट्ट दिसलेल्या क्रेटमधून काढत. चांगले तापवलेले दूध पीएच ५.२ च्या आसपासच जमू लागते, त्यामुळे दही घट्ट दिसले तरी आंबवण अजून अर्धवटच असते. आणि दंडाणूंची वाढ मुख्यतः याच उत्तरार्धात होते. तिसरी गोष्ट, काटकसर म्हणून विरजणाचे प्रमाण अडीच टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आले होते, आणि कमी विरजण लावले की सुरुवातीला धाव घेणाऱ्या गोलाणूंचेच फावते. कमी तापमान, लवकर काढणी आणि कमी प्रमाण या तिन्ही सवयी एकाच दिशेने ओढत होत्या, आणि हे रोज, साठ-सत्तर दिवस चालू होते. रोज थोडा थोडा कल बदलत गेला आणि शेवटी दंडाणू शिल्लकच राहिले नाहीत.

येथे कोणी विचारेल की गोलाणू भरपूर होते तर दही लवकर का लागले नाही? आम्हालाही हा प्रश्न पडला होता, कारण गोलाणू हा योगर्टमधील चपळ भिडू समजला जातो. मग आम्ही आमचे विरजण आणि त्याच जातीचे जुने, गोठवून ठेवलेले विरजण एका दुग्धशास्त्र प्रयोगशाळेकडे पाठवले. तेथे दोन्ही जीवाणू, जीवाणू वाढवण्याच्या वेगवेगळ्या माध्यमांवर वेगळे करण्यात आले. गोलाणूंसाठी एम १७ हे माध्यम वापरले गेले, आणि दंडाणूंसाठी पीएच ५.४ पर्यंत आंबट केलेले एमआरएस माध्यम, ४५ अंशांवर व हवेविना. अहवाल असा आला की दोन्ही जीवाणू सशक्त आहेत आणि दोघेही एकेकटे दूध जमवतात, दंडाणू तर सहा तासांत. या अहवालाने आमचा गोंधळ वाढला. कारण प्रयोगशाळेने परत पाठवलेला दंडाणू आम्ही आमच्या दुधात एकटा लावला तेव्हा दहा तासांनीही दही धड लागले नाही.

प्रयोगशाळेचे दूध आणि आमचे दूध यांतील फरक लक्षात येताच या प्रकरणाचा उलगडा झाला. प्रयोगशाळेत दूध दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटे निर्जंतुक केले जाते. आमचे दूध ९० अंशांवर दहा मिनिटे ठेवून थंड केले जाई. १२१ अंशांच्या तीव्र उष्णतेत दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात विघटित होऊन त्यातून अल्प प्रमाणात फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि दंडाणूला नेमके तेच हवे असते. पेशी दुभागताना नवीन डीएनए बांधण्यासाठी प्युरीन लागतात, प्युरीन बनवण्याच्या प्रक्रियेत फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचेच दुधातील रूप, वापरले जाते, आणि बल्गेरिकसला ते स्वतः तयार करता येत नाही, कारण साखर मोडताना पेशीत तयार होणाऱ्या पायरुवेटपासून फॉर्मेट काढणारे विकर त्याच्याकडे नाही. गोलाणूकडे ते आहे. त्याच्या पेशीतून फॉर्मेट बाहेर दुधात पाझरते. प्रयोगशाळेच्या दुधात गोलाणूची ही भूमिका उष्णतेनेच पार पाडली होती, त्यामुळे तेथे दंडाणू एकटाही तगला.

यावरून आम्ही एक साधी चाचणी आखली. ती मुद्दाम आमच्याच दुधात केली, ९० अंशांवर दहा मिनिटे तापवलेल्या. सहा बाटल्या, प्रत्येकी एक लिटर, ४२ अंशांच्या पाण्यात, विरजण एकूण दोन टक्के. पहिल्या बाटलीत गोलाणू आणि दंडाणू निम्मे-निम्मे, दुसऱ्या व तिसऱ्या बाटलीत एकेकटा, चौथ्यात गोलाणू आणि त्याच्या जोडीला लिटरला दोन ग्रॅम केसीन हायड्रोलायझेट, म्हणजे आधीच तुकडे केलेले दुधाचे प्रथिन, पाचव्यात दंडाणू आणि लिटरला ५० मिलिग्रॅम सोडियम फॉर्मेट. सहावी बाटली विरजणाशिवाय ठेवली, केवळ दूध निर्दोष आहे याची खात्री करण्यासाठी. ती दिवसभर दूधच राहिली, म्हणून तिच्याबद्दल पुन्हा लिहीत नाही.

जोडीची बाटली तीन तास पन्नास मिनिटांत पीएच ४.६ ला पोहोचली. एकट्या गोलाणूची बाटली चार तासांनी ५.४ वर होती, आणि त्यानंतर तिचा वेग इतका मंदावला की नऊ तासांनीही ती ४.८ च्या आसपासच रेंगाळत होती. एकट्या दंडाणूची बाटली चार तासांनी ५.९ वर होती आणि ४.६ ला पोहोचायला तिला दहा तास लागले. केसीन हायड्रोलायझेट मिळालेल्या गोलाणूने पाच तासांत ४.६ गाठले, तर फॉर्मेट मिळालेल्या दंडाणूने सात तासांत. आकडे आमच्या खोलीतील साध्या पीएच मीटरचे आहेत, दुसऱ्या जातींवर ते बदलतील, पण क्रम पुरेसा बोलका होता.

प्रथम गोलाणूचे पाहू. दुधात प्रथिने भरपूर असली तरी ती केसीनच्या मोठ्या गुंत्यात बांधलेली असतात. सुटी अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइड फार थोडी असतात, ती पहिल्या तासा-दोन तासांतच संपतात. बहुतेक गोलाणूंच्या पेशीभित्तीवर केसीन कापणारे विकर नसते, त्यामुळे समोर ताट भरलेले असूनही ते उपाशी राहतात. दंडाणूच्या पेशीभित्तीवर ते विकर असते, आणि ते पेशीच्या बाहेरच्या बाजूला काम करते. ही जागा महत्त्वाची आहे. केसीन बाहेरच कापले जात असल्याने तुकडे दुधात मोकळे पडतात, आणि दंडाणूला जेवढे आत घेता येतात त्याहून जास्त पडतात. उरलेले गोलाणू उचलतो. १९५० मध्ये हॉलंडमधील पेट आणि लोल्केमा यांनी याच गोष्टीचा माग काढला होता, आणि गोलाणूला सर्वांत जास्त उणीव व्हॅलीनची भासते असे दाखवले होते. आमच्या चौथ्या बाटलीत दंडाणूची जागा हायड्रोलायझेटने घेतली आणि गोलाणू धावू लागला. बिघडलेल्या विरजणात गोलाणू खच्चून भरलेले असूनही दही का रखडत होते, याचे हे उत्तर होते. त्यांना केसीन कापून देणारा कोणी उरला नव्हता. मधल्या काळात कामगारांनी विरजण दुप्पट करून पाहिले होते, पण त्याने अर्धाच तास वाचला, कारण दुप्पट झाले तेही उपाशी गोलाणूच.

आता दंडाणू. पाचव्या बाटलीत फॉर्मेट घालूनही त्याला जोडीचा वेग आला नाही, याचे कारण गोलाणू त्याला आणखीही काही पुरवतो. गोलाणू दुधातील युरिया फोडून कार्बन डायऑक्साइड सोडतो. दूध तापवताना त्यात विरघळलेला हा वायू निघून गेलेला असतो आणि दंडाणूला तो वाढीसाठी लागतो. गोलाणू फोलिक आम्लही तयार करतो. शिवाय तो दुधातील विरघळलेला प्राणवायू आधी खाऊन टाकतो. दंडाणूला प्राणवायू सोसवत नाही, कारण त्याच्या सान्निध्यात दंडाणू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो. या साऱ्यातील एक गोष्ट मात्र पाहताच पटते. एकट्या दंडाणूच्या तिसऱ्या बाटलीतील थेंब सहाव्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली घेतला तेव्हा नेहमीच्या आखूड काड्यांऐवजी लांबच लांब धागे दिसले, काही तर क्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेले. पेशी लांबत होत्या, पण डीएनए बांधता येत नसल्याने दुभागत नव्हत्या. पाचव्या बाटलीत, फॉर्मेट मिळाल्यावर, त्याच जातीच्या काड्या पुन्हा आखूड झाल्या होत्या. रासायनिक पृथक्करणाची सोय नसलेल्या छोट्या प्रकल्पाला फॉर्मेटची उणीव ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

या व्यवहाराला परस्पर सहकार्य म्हणतात, पण त्यात कोणी कोणाला जाणीवपूर्वक काही देत नाही. दंडाणू पोट भरण्यासाठी केसीन कापतो, त्याचे तुकडे सांडतात. गोलाणू स्वतःच्या गरजेसाठी पायरुवेट मोडतो, त्यातून फॉर्मेट पाझरते. एकाचे उष्टे दुसऱ्याच्या पानात पडते. आणि दोघेही एकाच लॅक्टोजसाठी भांडत असतात. म्हणूनच ही जोडी आपोआप टिकत नाही, ती ठरावीक तापमानात आणि ठरावीक वेळेतच टिकते. सामान्य क्रम असा असतो. सुरुवातीच्या तासांत गोलाणू वाढतो, प्राणवायू संपवतो आणि फॉर्मेट सोडतो. पीएच साडेपाचच्या खाली गेला की तो मंदावतो, कारण आंबटपणा त्याला लवकर जाचतो. मग दंडाणू पुढे येतो आणि दही ४.५ पर्यंत व त्याखालीही नेतो. अर्धवट लागलेल्या दह्यातून विरजण काढणे म्हणजे दंडाणूची पाळी येण्याआधीच खेळ थांबवणे होय, आणि आमच्याकडे रोज तेच घडत होते.

वास नाहीसा होण्याचे कारणही याच खात्यात जमा आहे. योगर्टचा विशिष्ट वास मुख्यतः ॲसिटाल्डिहाइडचा असतो आणि त्याचा मोठा वाटा दंडाणू तयार करतो. गोलाणूही थोडे बनवतो, पण ते पुरत नाही. त्यामुळे एकट्या गोलाणूचे दही सौम्य आणि सपक लागते. एकट्या दंडाणूचे दही याच्या उलट. ते जिभेवर बोचते आणि रवाळ होते, आणि आमच्या तिसऱ्या बाटलीवर सकाळपर्यंत निवळीचा थर आला होता.

उपाय सांगायला सोपा आणि पाळायला कठीण होता. जुने गोठवलेले विरजण काढून दोन्ही जीवाणू बरोबरीने लावले, वेगळ्या डब्यात मातृविरजण ठेवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी कपांतील दही घेणे बंद केले. येथे आमची दुसरी चूक झाली, आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. दंडाणू कमी पडले होते म्हणून त्यांना बळ द्यावे, या विचाराने आम्ही तापमान ४५ अंशांवर नेले, विरजण पाच टक्के केले आणि डबा पूर्ण पाच तास ठेवला. तीन हस्तांतरणांतच, म्हणजे जुन्या विरजणातून तीनदा नवे लावल्यावरच, पट्टीवर काड्यांचे राज्य झाले. दही साडेतीन तासांत लागू लागले तेव्हा सगळे खूश होते. पण शीतपेटीत ठेवलेल्या कपांचा पीएच दहा दिवसांत ३.९ वर आला आणि वर पाणी सुटले. दंडाणू थंडीतही आंबवण पूर्ण थांबवत नाही, त्यामुळे तो जास्त झाला की दही दुकानात पोहोचल्यावरही आंबत राहते. शेवटी ४२ ते ४३ अंश, अडीच टक्के विरजण आणि पीएच ४.६ ते ४.५ वर थांबवून लगेच गार करणे, यावर आम्ही स्थिरावलो. उबवण खोलीतील तापमापक क्रेटमध्ये आणला, दूध ४४ अंशांवर भरायला घेतले, आणि क्रेटांच्या रांगांमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवले.

याच सुमारास एका विक्रेत्याने एकाच जातीच्या गोलाणूची सुकवलेली पाकिटे दाखवली. "दंडाणूची कटकटच नको," असे त्याचे म्हणणे होते. मी आधी हसलो, कारण आमची दुसरी बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती. पण त्या पाकिटाने आमच्या दुधात पाच तासांत दही लावले. तो गोलाणू निराळा होता. थोड्या गोलाणूंच्या पेशीभित्तीवर केसीन कापणारे स्वतःचे विकर असते, आणि ही जात त्यांतली होती. म्हणजे एकच जात असलेले विरजण मंदच असते असे सरसकट म्हणता येत नाही. ते जातीवर अवलंबून असते, आणि पाकिटावर सहसा हे लिहिलेले नसते. आमच्या दुधात लावून पीएचची नोंद ठेवणे हीच खरी कसोटी. या पाकिटाच्या दह्याला वास नव्हता, पण ते तीन आठवडे ४.४ च्या खाली गेले नाही आणि पाणी सुटले नाही. लांबच्या शहरांना जाणाऱ्या फळांच्या स्वादाच्या कपांसाठी मालकांनी ते घेतले, कारण तिथे वास फळाचाच येतो. मात्र त्या कपांवर योगर्ट असे छापायचे नाही, यावर मी अडून बसलो.

एकाच जातीच्या विरजणाची आणखी एक अडचण आम्हाला उन्हाळ्यात भेटली. एका दिवशी फळांच्या कपांचे दूध आठ तासांनीही दूधच राहिले, आणि त्याच दुधातील जोडीचे दही उशिरा का होईना, लागले. चौकशीअंती एका गोठ्यातील गायीला स्तनदाहासाठी पेनिसिलिन दिल्याचे कळले. गोलाणू पेनिसिलिनला फार लवकर बळी पडतो, आणि दंडाणू त्या मानाने थोडे जास्त सहन करतो. दंडाणूने ओढून नेले म्हणून जोडीचे दही निभावले, पण पट्टीवर त्या दिवशी माळा तुटक होत्या आणि वासाला तिखटपणा जास्त होता. ते कप आम्ही विकले नाहीत, आणि त्या आठवड्यापासून दूध स्वीकारतानाच प्रतिजैविकाची चाचणी सुरू झाली.

आता दर सोमवारी मातृविरजणाची पट्टी रंगवली जाते. माळा आणि काड्या यांचे प्रमाण एकास एकच्या जवळ असले तर डबा पुढे चालतो. काड्या एकतृतीयांशाखाली गेल्या तर आधी डब्याचे तापमान पाहिले जाते, मग विरजण कोणत्या पीएचला काढले याची नोंद. पंधरा हस्तांतरणांनंतर डबा रिकामा करून गोठवलेल्या साठ्यातून पुन्हा सुरुवात होते, पट्टी कितीही चांगली दिसत असली तरी. मालकांना हा खर्च अजूनही पटलेला नाही.